अपडेटनंतर फोन तापतोय, बॅटरी पळतेय: दोष सॉफ्टवेअरचा की बॅटरीचा, हे चार रात्रींत कसं ओळखायचं

रात्री अपडेट बसतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन खिशात गरम लागायला लागतो. एरवी रात्री झोपेपर्यंत पुरणारी बॅटरी संध्याकाळी पाचलाच लाल होते. दुकानात नेला तर बऱ्याचदा फोन नीट न पाहताच 'बॅटरी गेली' असं सांगतात, आणि ओळखीतला एखादा जाणकार 'रिसेट मारून टाक' म्हणतो. एका सल्ल्यात पैसे जातात, दुसऱ्यात फोनमधला सगळा डेटा पुन्हा बसवण्यात अख्खा दिवस जातो. दोन्ही सल्ले कधीकधी बरोबर असतात. पण ते केव्हा बरोबर हे घरच्या घरी मोजून कळतं आणि त्यासाठी फोन उघडावाही लागत नाही.

हा लेख मुख्यतः अँड्रॉइड फोनसाठी आहे. आयफोनबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पाहा. फोनचं कव्हर काढा आणि फोन सपाट टेबलावर पालथा-सुलटा ठेवून बघा. मागचं झाकण मध्येच फुगलंय का, स्क्रीन एखाद्या कडेने वर उचलली आहे का, टेबलावर फोन डोलतो का? यातलं काहीही दिसलं तर पुढची एकही चाचणी करू नका. फुगलेल्या बॅटरीच्या आत वायू साठलेला असतो. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, झाकण दाबून बसवायचं नाही, बंद करून सरळ सर्व्हिस सेंटरला न्यायचा. तिथे सॉफ्टवेअरचा प्रश्नच उरत नाही.

आधी थोडा हिशेब

बॅटरीची टक्केवारी लवकर उतरण्याची कारणं मुळात दोनच. एक तर फोन जास्त वीज खातोय, नाहीतर बॅटरीत वीज मावतेच कमी. घराच्या छपरावरची टाकी लवकर रिकामी होते तेव्हा एखादा नळ गळत असतो किंवा टाकीत गाळ साठून तिची जागाच कमी झालेली असते, तसंच हे. या दोन दोषांच्या खुणा वेगळ्या असतात.

आजच्या बऱ्याच फोनमध्ये ५००० एमएएचच्या आसपासची बॅटरी असते आणि तिचा सरासरी दाब साधारण ३.८५ व्होल्ट असतो. म्हणजे तिच्यात सुमारे १९ वॉट-तास एवढी ऊर्जा मावते. समजा फोन खिशात आहे, स्क्रीन बंद आहे आणि तासाभरात २० टक्के उतरले. नवी बॅटरी असेल तर त्या तासात फोनने जवळपास ४ वॉट सतत खर्च केले असं होतं. ही ऊर्जा कुठे जाणार? जवळजवळ सगळी उष्णताच होते. चार वॉट एवढ्याशा बंद खोक्यात जिरले तर फोन चांगलाच गरम लागतो, ते लपून राहूच शकत नाही. म्हणून टक्के झपाट्याने उतरताहेत आणि फोनही गरम आहे, तर आत खरोखर काहीतरी काम चालू आहे. टक्के झपाट्याने उतरताहेत पण फोन थंडगार आहे, तर तेवढी वीज खर्च झालेलीच नाही. आकडा उतरतोय, कारण बॅटरीची कुवत घटली आहे किंवा टक्केवारी मोजणारं गणित चुकतंय.

दुसरी खूण याहून पक्की आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. जुनी बॅटरी सगळ्याच कामांत सारख्या प्रमाणात जास्त टक्के मागते. बॅटरीची कुवत ७० टक्क्यांवर आली असेल तर पूर्वी जे काम १० टक्क्यांत व्हायचं त्याला आता १४ टक्के लागतील, मग ते काम व्हिडिओ बघण्याचं असो, कॉलचं असो की रात्रभर पडून राहण्याचं. म्हणजे सुमारे दीडपट. पण पूर्वी रात्रभरात ४ टक्के उतरायचे आणि आता १६ उतरतात, ही चौपट वाढ निव्वळ म्हाताऱ्या बॅटरीतून येऊ शकत नाही. शिवाय बॅटरीची कुवत महिनोन्‌महिने हळूहळू घसरते, मंगळवारी ठीक आणि बुधवारी निम्मी असं होत नाही. त्यामुळे अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी खर्च कित्येक पटींनी वाढला असेल तर संशय आधी सॉफ्टवेअरवर घ्यायचा.

पहिले तीन दिवस काही ठरवू नका

मोठं अपडेट बसलं की फोनचं काम रीस्टार्टनंतर संपत नाही, तिथून सुरू होतं. अँड्रॉइडमधली अ‍ॅप्स त्या त्या फोनच्या प्रोसेसरसाठी आधीच तयार करून ठेवलेली असतात. प्रणालीची आवृत्ती बदलली की ती तयारी बरीचशी नव्याने करावी लागते. शंभर-दीडशे अ‍ॅप्स असतील तर हे काम मोठं होतं. त्याच वेळी फोटो-व्हिडिओंची यादी नव्याने बनते, प्ले स्टोअर नव्या आवृत्तीसाठीची अ‍ॅप अपडेट्स उतरवायला लागतं आणि कोणतं अ‍ॅप किती वापरलं जातं याचा फोनने बांधलेला अंदाजही पुन्हा जुळवला जातो. एक-दोन दिवस फोन तापणं, बॅटरी कमी पुरणं यात नवल नाही.

पण नुसतं थांबून हे काम संपेलच असं नाही, आणि इथेच बरेच जण अडकतात. अ‍ॅप्सची ही तयारी प्रामुख्याने फोन चार्जिंगला असताना आणि कोणी वापरत नसताना चालते. जो माणूस फोन दिवसा अर्धा अर्धा तास चार्ज करतो आणि रात्री चार्जर काढून झोपतो, त्याच्या फोनला ती सवडच मिळत नाही. बॅटरी उतरतेय म्हणून बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवला तरी पार्श्वभूमीतली कामं पुढे ढकलली जातात. म्हणजे उपाय समजून केलेल्या गोष्टीनेच त्रास लांबतो.

म्हणून पहिल्या तीन दिवसांत एवढंच करा. फोन एकदा रीस्टार्ट करा. प्ले स्टोअरमधून सगळी अ‍ॅप्स अपडेट करून घ्या, कारण जुन्या आवृत्तीचं अ‍ॅप नव्या प्रणालीवर अडखळत राहणं हे खर्चाचं नेहमीचं कारण आहे. बॅटरी सेव्हर बंद करा. दोन रात्री वाय-फाय चालू ठेवून, कव्हर काढून, फोन उशीखाली नव्हे तर उघड्यावर चार्जिंगला लावून झोपा. घरी संगणक असेल आणि केबलने जोडलेल्या फोनला संगणकावरून आज्ञा देणारं `adb` वापरता येत असेल तर हेच काम आपण होऊन सुरू करता येतं:

```
adb shell pm bg-dexopt-job
```

हे चालताना फोन तापेल आणि बराच वेळ लागेल. मध्येच तोडू नका.

एक स्थानिक गोष्ट इथेच सांगतो. फोन कंपन्या साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत फोन वापरायला सांगतात. एप्रिल-मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा खोलीतच ३८-४० अंश असतात. तिथे काहीही न करता पडलेला फोन ४० अंश दाखवणार, त्यात अपडेटचा दोष नाही. बॅटरी साधारण ४५ अंशांच्या आसपास गेली की फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो, म्हणून चार्जिंगला जास्त वेळ लागतो. त्यामुळे तापमान कधी एकटं वाचू नका, खोलीच्या तापमानाशी तुलना करा. अर्धा तास न वापरता ठेवलेल्या फोनची बॅटरी खोलीपेक्षा चार-पाच अंशांहून जास्त गरम असेल तर आत काम चालू आहे असं समजायला हरकत नाही. बॅटरीचं तापमान आणि व्होल्टेज बघायला `CPU-Z` या मोफत अ‍ॅपचा बॅटरीचा विभाग पुरतो.

चार रात्री, चार आकडे

तीन दिवसांनंतरही त्रास तसाच असेल तर मोजणीला लागा. दिवसा मोजण्यात अर्थ नसतो, कारण रोजचा वापर सारखा नसतो. रात्री फोन पडून असतो म्हणून तुलना खरी होते. प्रत्येक रात्री साधारण ८० टक्क्यांवरून सुरुवात करा, चार्जर काढल्यावर पंधरा मिनिटं थांबून आकडा कागदावर लिहा आणि बरोबर आठ तासांनी पुन्हा लिहा. शंभर टक्क्यांवरून सुरुवात नको. काही फोन शंभरचा आकडा बराच वेळ धरून ठेवतात, त्यामुळे मोजणी फसते.

पहिल्या रात्री फोन नेहमीसारखा ठेवा, वाय-फाय आणि सिम दोन्ही चालू. बऱ्या अवस्थेतला फोन आठ तासांत साधारण ४ ते ८ टक्के घालवतो.

दुसऱ्या रात्री विमान मोड लावा आणि वाय-फाय, ब्लूटूथही बंद आहे याची खात्री करा. काही फोन विमान मोडमध्येही मागच्या वेळचं वाय-फाय चालू ठेवतात. इथे १ ते ३ टक्के अपेक्षित आहेत.

तिसऱ्या रात्री सेफ मोड. यात फोनसोबत आलेली अ‍ॅप्स चालतात, तुम्ही स्वतः टाकलेली सगळी बंद राहतात. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचा मेन्यू उघडून 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून धरलं की सेफ मोडचा पर्याय येतो, काहींमध्ये फोन सुरू होताना आवाज कमी करण्याचं बटण धरावं लागतं. कोपऱ्यात तशी अक्षरं दिसली पाहिजेत. वाय-फाय आणि सिम पहिल्या रात्रीसारखीच चालू ठेवा, नाहीतर तुलना राहणार नाही. होम स्क्रीनवरची विजेट्स परतल्यावर पुन्हा लावावी लागू शकतात, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. बाहेरून टाकलेलं अलार्मचं अ‍ॅप या रात्री वाजणार नाही, हेही लक्षात असू द्या.

चौथ्या रात्री फोन पूर्ण बंद. सकाळी सुरू झाल्या झाल्या आकडा बघा. बंद फोनमध्ये सॉफ्टवेअर चालतच नाही, त्यामुळे ही रात्र सगळ्यांत निर्णायक आहे. एखादा टक्का जाणं, किंवा सुरू होण्यातच एक टक्का खर्च होणं, हे ठीक. पण बंद फोनने रात्रभरात चार-पाच टक्के किंवा जास्त घालवले तर बॅटरी आतून गळतेय किंवा बोर्डवर कुठेतरी वीज झिरपतेय. रिसेट करून यात तसूभरही फरक पडणार नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा ५००० एमएएचचा, तीन वर्षं वापरलेला फोन आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती बसल्यापासून तो तापतोय. पूर्वी रात्रीत पाचेक टक्के जायचे असं मालकाला आठवतंय. आता पहिल्या रात्री १६ टक्के गेले, विमान मोडच्या रात्री ५, सेफ मोडच्या रात्री ७, आणि बंद ठेवल्यावर १.

बंद फोनने एकच टक्का घालवला, म्हणून बॅटरी गळत नाही. नेटवर्क तोडल्यावर खर्च १६ वरून ५ वर आला, तेव्हा मोठा खर्च नेटवर्कशी बांधलेला आहे. आता त्यात दोन शक्यता उरतात: रेंज कमी असल्याने फोनचा रेडिओच जास्त जोर लावत असेल, किंवा एखादं अ‍ॅप नेटवर्कवर काहीतरी करत बसलं असेल. सेफ मोडमध्ये नेटवर्क चालू असूनही खर्च ७ वर आला. रेडिओचा दोष असता तर सेफ मोडमध्येही तो १६ च्या आसपास राहिला असता. म्हणजे दोष बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपचा.

आता सेटिंग्जमध्ये बॅटरी वापराची यादी उघडायची. तिथे टक्क्यांपेक्षा अ‍ॅप पार्श्वभूमीत किती वेळ चाललं ते बघा. यादीतले टक्के बऱ्याच फोनमध्ये एकूण बॅटरीचे नसून झालेल्या खर्चातले असतात, त्यामुळे 'अमुक अ‍ॅप ४० टक्के' वाचून घाबरायला होतं. आपल्या उदाहरणात फोटोंचा बॅकअप घेणारं एक बाहेरचं अ‍ॅप स्क्रीनवर मिनिटभरही न उघडता पार्श्वभूमीत सात तास चाललेलं दिसतं. अ‍ॅप उघडल्यावर कळतं की एका मोठ्या व्हिडिओवर बॅकअप अडकलाय, पाठवायचा प्रयत्न फसतोय आणि पुन्हा सुरू होतोय. तो व्हिडिओ बॅकअपमधून वगळला, अ‍ॅपची कॅशे साफ केली, पार्श्वभूमी वापरावर मर्यादा घातली आणि पुढच्या रात्री खर्च सातवर आला.

गोष्ट इथे संपली असती, पण विमान मोडमधले ५ टक्के खटकतात. ते २-३ असायला हवे होते. त्यातला काही भाग बॅटरीची कुवत घटल्यामुळे आहे का, हे थेट मोजायला हवं.

बॅटरी थेट तपासण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत म्हणजे बॅटरीत प्रत्यक्षात किती मावतं ते बघणं. संगणक असेल तर फोन पूर्ण चार्ज करा, चार्जिंग संपल्याचं दिसल्यावर ही आज्ञा द्या:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात इतर ओळींबरोबर अशा काही ओळी येतात:

```
Charge counter: 3900000
level: 100
voltage: 4390
temperature: 331
```

`temperature` हा आकडा दहाने भागायचा, म्हणजे ३३.१ अंश. `voltage` मिलिव्होल्टमध्ये असतो. `Charge counter` हजाराने भागला की एमएएच मिळतात. इथे ३९००, म्हणजे ५००० च्या ७८ टक्के. कुवत ऐंशीच्या खाली गेली की बॅटरी बदलायचा विचार सुरू करावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. मात्र काही फोन हा आकडा खरोखर मोजत नाहीत, टक्केवारीला छापील क्षमतेने गुणून दाखवतात. तीन वर्षांच्या फोनमध्ये १०० टक्क्यांवर नेमके ५००००००, ५० टक्क्यांवर नेमके २५००००० असं दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

संगणक नसेल तर `AccuBattery` हे अ‍ॅप चार्जिंग चालू असताना आत जाणारी वीज मोजून कुवतीचा अंदाज देतं. एका चार्जिंगवरून निष्कर्ष काढू नका. २० च्या खालून ८० च्या वर अशी पाच-सहा चार्जिंग झाल्यावरचा सरासरी आकडा बऱ्यापैकी भरवशाचा असतो. नव्या पिक्सेल फोनमध्ये बॅटरीचं आरोग्य सेटिंग्जमध्येच दिसतं, सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपच्या तपासणी विभागात बॅटरीची स्थिती कळते.

दुसरी पद्धत भार दिल्यावर व्होल्टेज किती खाली बसतं ते बघण्याची. मला स्वतःला ही जास्त पटते, कारण तिच्यात टक्केवारीचं कुठलंच गणित येत नाही. बॅटरी जुनी होते तशी तिची कुवत घटतेच, पण तिचा अंतर्गत रोधही वाढतो. फोनने १ अ‍ॅम्पियर मागितला आणि रोध ०.१ ओहम असेल तर व्होल्टेज ०.१ ने बसतं. रोध ०.३ झाला असेल तर ०.३ ने. भरल्या बॅटरीत हे जाणवत नाही. पण बॅटरी २५ टक्क्यांवर असते तेव्हा व्होल्टेज आधीच खाली आलेलं असतं, त्यात कॅमेरा उघडून फ्लॅश मारला की ते आणखी खाली जातं आणि फोन फट्दिशी बंद पडतो. चार्जर लावून सुरू केला तर पुन्हा वीस-बावीस टक्के दाखवतो. ही खूण दिसली तर बॅटरीबद्दल शंका ठेवायची गरज नाही.

घरी करायचं ते असं. बॅटरी ५० ते ६० टक्के असताना, फोन गार असताना, चार्जर काढून `CPU-Z` उघडा आणि दोन मिनिटं काहीच न करता व्होल्टेज लिहून घ्या. मग स्क्रीन विभागून दुसऱ्या अर्ध्यात व्हिडिओ लावा, प्रकाश पूर्ण वाढवा, टॉर्च लावा. दोन मिनिटांनी पुन्हा व्होल्टेज लिहा. फरक ०.१५ व्होल्टच्या आत असेल तर बॅटरी ठणठणीत समजा. पाव व्होल्टच्या पुढे गेला तर रोध वाढलाय. मधे असेल तर निर्णय कुवतीच्या आकड्यावर सोडा. अगदी थंड हवेत किंवा १५ टक्क्यांखाली ही चाचणी करू नका, तेव्हा चांगल्या बॅटरीचंही व्होल्टेज जास्त बसतं.

आपल्या उदाहरणातल्या फोनचं व्होल्टेज ३.८२ वरून ३.५४ वर बसलं, म्हणजे ०.२८ चा फरक. कुवत ७८ टक्के. म्हणजे बॅटरीही थकलेली आहेच. पण हिशेब नीट बघा: ७८ टक्के कुवतीमुळे खर्च साधारण १.३ पट दिसतो, तेव्हा विमान मोडमधल्या ५ पैकी टक्काभर तिच्या खात्यावर जातो. पहिल्या रात्रीच्या १६ पैकी ९ टक्के त्या अडकलेल्या बॅकअपचे होते. अपडेटनंतर लगेच नवी बॅटरी बसवली असती तर पैसे देऊनही फोन तापतच राहिला असता. आणि दुकानदारावर फसवणुकीचा आळ आला असता तो वेगळाच. प्रत्यक्षात दोन्ही दोष एकाच फोनमध्ये असणं फार सर्रास आढळतं. थकलेली बॅटरी हलक्या कामावर निभावून नेत असते आणि अपडेटनंतरच्या वाढीव भाराने तिचं वय उघडं पडतं.

रात्री वेगळंच सांगत असतील तर

सेफ मोडमध्येही खर्च पहिल्या रात्रीइतकाच राहिला आणि विमान मोडमध्ये मात्र कोसळला, तर रेडिओकडे बघा. अपडेटनंतर पसंतीचं नेटवर्क पुन्हा ५जीवर गेलेलं असतं असं पुष्कळदा होतं. जिथे ५जीची रेंज येते-जाते, म्हणजे कोकणातली घाटाखालची गावं किंवा शहरातल्या जाड भिंतींच्या जुन्या इमारती, तिथे फोन सतत नेटवर्क बदलत राहतो आणि गरम होतो. सिमच्या सेटिंग्जमध्ये ४जी निवडून पहिली रात्र पुन्हा करून बघा. दुसरं सिम वापरात नसेल तर तेही बंद ठेवून पाहा, कारण रेंज नसलेलं सिम सतत नेटवर्क शोधत राहतं. यादीत 'गुगल प्ले सर्व्हिसेस' वर दिसत असेल तर तीही बहुधा दुसऱ्या कोणासाठी तरी राबत असते. खात्यांच्या सिंक पानावर जाऊन एखादं सिंक तासन्‌तास फिरत बसलंय का ते बघा, ते खातं काढून पुन्हा जोडा.

तिन्ही चालू रात्रींत खर्च सारखाच जास्त आहे आणि बंद फोन मात्र काही घालवत नाही, तर दोष प्रणालीतच आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये रिकव्हरी मेन्यूत कॅशे विभाग पुसण्याचा पर्याय असतो, त्याने डेटा जात नाही, तो करून बघावा. बऱ्याच नव्या फोनमध्ये तो विभागच नसतो, त्यामुळे पर्याय सापडला नाही तर शोधत बसू नका. पुढचं छोटं अपडेट आलंय का ते तपासा, अशा चुका त्यात पुष्कळदा दुरुस्त होतात.

फॅक्टरी रिसेट त्यानंतर. आधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, फोटो, ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले कोड सुरक्षित करा. यूपीआय अ‍ॅप्स पुन्हा नोंदवावी लागतील, तेव्हा बँकेत जोडलेलं सिम फोनमध्येच असू द्या. रिसेटनंतर जुनी अ‍ॅप्स लगेच परत आणू नका. दोन दिवस फोन जवळजवळ रिकामा ठेवून एक रात्र मोजा. इथे आकडा चांगला आला तर अ‍ॅप्स थोडी थोडी परत टाका, म्हणजे दोषी अ‍ॅप परत आलं की लगेच कळेल. जुनी आवृत्ती परत बसवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. बऱ्याच फोनमध्ये मागे जाणं अडवलेलं असतं, जबरदस्तीने केलं तर फोन सुरूच होत नाही. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करणाऱ्या भागाचं कुलूप, उघडला तर बँकेची काही अ‍ॅप्स चालायचं नाकारतात.

एक प्रकार मात्र या सगळ्या चौकटीबाहेरचा आहे, अपडेटनेच बॅटरीला लगाम घालण्याचा. गुगलने जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए साठी असं अपडेट दिलं, ज्यानंतर काही फोनची बॅटरी आधीपेक्षा उघडपणे कमी पुरायला लागली. जुलै २०२५ मध्ये पिक्सेल ६ए साठी आलेल्या अपडेटने काही फोनमध्ये ४०० चार्जिंग चक्रांनंतर कुवत आणि चार्जिंगचा वेग कमी केला, बॅटरी जास्त तापण्याचा धोका टाळण्यासाठी. त्याआधी २०१७ च्या सुरुवातीला आयओएस १०.२.१ ने जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग कमी केला होता आणि वर्षअखेरीस अ‍ॅपलला त्याबद्दल माफी मागावी लागली. असा फोन असेल तर वरच्या चाचण्या बॅटरीला दोषी ठरवतील, आणि ते अर्धं खरं असेल. तेव्हा दुकानात जाण्याआधी आपल्या मॉडेलसाठी कंपनीने काही बॅटरी योजना जाहीर केली आहे का ते तिच्या अधिकृत मदत पानावर बघा.

आयफोनमध्ये हे काम सोपं आहे. सेटिंग्जमधल्या बॅटरी विभागात कमाल क्षमता थेट दिसते, आयफोन १५ पासून चार्जिंगची चक्रंही दिसतात. ऐंशीच्या खाली क्षमता किंवा सर्व्हिसची सूचना असेल तर बॅटरी बदला. आकडा नव्वदीत असेल तर अपडेटनंतर फोटो आणि शोधाची नवी यादी बनेपर्यंत दोन-तीन रात्री चार्जिंगला आणि वाय-फायवर ठेवा, आणि त्यानंतर रात्रीची मोजणी वरच्यासारखीच करा. सेफ मोड तिथे नाही, त्यामुळे संशयित अ‍ॅप्स एकेक काढून बघावी लागतात.

बॅटरी बदलायचीच असेल तर

वॉरंटी शिल्लक असो वा नसो, आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरचा दर विचारा. बाजारातल्या 'ओरिजिनल' बॅटरीशी तुलना करताना किमतीपलीकडचंही बघा. तापमान मोजणारा भाग किंवा संरक्षण सर्किट निकृष्ट असेल तर तुम्ही ज्या त्रासासाठी गेलात तोच विकत घेऊन याल. फोन देताना जॉब शीट घ्या आणि त्यावर आपले आकडे लिहून घ्यायला सांगा: बंद फोनमध्ये रात्रीचा खर्च, कुवत, भाराखाली बसलेलं व्होल्टेज. आकडे समोर असले की 'सॉफ्टवेअर टाकून बघू' म्हणत चार दिवस फोन ठेवून घेणं अवघड होतं. डेटाचा बॅकअप घेऊनच फोन द्या. पाण्यापासून संरक्षण असलेला फोन एकदा उघडला की ते संरक्षण पूर्वीइतकं राहील असं धरून चालू नका.

फोन परत मिळाल्यावर काउंटरवरच झाकणाच्या चारही कडा बोटाने चाचपून बघा, कुठे उचललेली नाही ना. चार्जर लावून दहा मिनिटं थांबा आणि चार्जिंगचा वेग नेहमीसारखा दिसतो का ते पाहा. पहिले काही दिवस टक्केवारी थोडी उड्या मारेल, कारण फोनला नव्या बॅटरीचा अंदाज घ्यायचा असतो. एक-दोनदा १० टक्क्यांपर्यंत उतरवून पूर्ण चार्ज केल्यावर ती स्थिरावते. मग कुवतीची आणि व्होल्टेजची चाचणी पुन्हा करा. नव्या ५००० एमएएच बॅटरीने ४५०० च्या आतच दम सोडला, किंवा व्होल्टेज पाव व्होल्टने बसलं, तर बसवलेली बॅटरी बराच काळ पडून राहिलेली किंवा नकली आहे, आणि बदलून मागायला तुमच्या हातात जॉब शीट आहे.